पुण्याचे सात म्हणजे एडिसनचे किती? परदेशस्थ नातलगांसाठी वेळेचा तक्ता

पुण्यात आई-वडील, अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसन गावी मुलगी आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मुलगा, असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मराठी मध्यमवर्गात अशी कुटुंबे आता अपवाद राहिलेली नाहीत. या घरात जून महिन्यात असे ठरले की, दर रविवारी पुण्याच्या सकाळी सात वाजता तिन्ही घरांनी एकाच वेळी फोनवर भेटायचे. मुलीने आपल्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर ‘शनिवार, रात्री ९.३०’ असे लिहून ठेवले. मुलाने ‘रविवार, सकाळी ११.३०’ अशी नोंद केली. आई-वडिलांना काही लिहून ठेवण्याची गरजच नव्हती. सात म्हणजे सात. पुढे चार महिने सगळे सुरळीत चालले.

आता याच घरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी काय घडेल ते पाहू. कोणी आपली नोंद बदललेली नाही आणि कोणी आळसही केलेला नाही. तरीही मुलाचा फोन पुण्यात सकाळी सहा वाजता खणखणेल, आई-वडील सात वाजता चहाचे कप घेऊन पडद्यासमोर बसतील आणि मुलगी उगवेल ती आठ वाजता. तिघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे मिनिटाचाही उशीर न करता आलेले असतील आणि तरीही तिघांची चुकामूक होईल. ही चुकामूक कोणाच्या विसराळूपणामुळे होत नाही. जूनमध्ये केलेला हिशेब वर्षभर चालेल असे तिघांनीही गृहीत धरले, एवढीच त्यांची चूक. वेळेचा तक्ता शहरांचा नसतो, तो तारखेचा असतो, ही गोष्ट एकदा लक्षात आली की बाकीचे सारे सोपे आहे.

अर्ध्या तासाचे मूळ

प्रत्येक ठिकाणची वेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजेच यूटीसीच्या, इतके तास पुढे किंवा इतके तास मागे अशी मोजली जाते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे. साडेब्याऐंशीला पंधराने भागले की साडेपाच येतात. म्हणून आपले घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यू जर्सी आणि मेलबर्न या दोन्ही ठिकाणांचे अंतर मात्र पूर्ण तासांचे आहे. त्यामुळे पुणे आणि या दोन शहरांपैकी कोणतेही एक यांच्यातील फरक नेहमी अर्ध्या तासावरच संपतो. हा अर्धा तास तक्ता करताना त्रासाचा वाटतो. पण चूक शोधताना तोच उपयोगी पडतो, हे पुढे दिसेल.

वेळ ही निसर्गाने दिलेली नसून माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे मुंबईकरांना तरी नवे वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली अमलात आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि ती नंतरही अनेक दशके शहरात वापरली जात होती. म्हणजे एकाच शहरात दोन वेळा सांगितल्या जात आणि ‘कोणत्या वेळेचे पाच?’ हा प्रश्न रास्त होता. परदेशी असलेल्या मुलांशी बोलताना आज तोच प्रश्न नव्या रूपात पुढे येतो.

हलणारी दोन घड्याळे

भारतातले घड्याळ बारा महिने स्थिर असते. न्यू जर्सी आणि मेलबर्न येथे मात्र उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत आहे. तिला इंग्रजीत ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’ म्हणतात; आपण तिला उन्हाळी वेळ म्हणू. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो. घड्याळ पुढे केले की लोक त्या मानाने लवकर उठतात आणि संध्याकाळचा उजेड तासभर जास्त मिळतो, एवढाच तिचा अर्थ.

अमेरिकेत ही वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. हा नियम २००७ पासूनचा आहे. त्याआधी एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार पाळला जाई. नव्वदच्या दशकात तेथे गेलेल्या नातलगांच्या तोंडी अजून ‘एप्रिल ते ऑक्टोबर’ असे येते ते त्यामुळेच. मेलबर्न दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. तेथे उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. एकाचे घड्याळ पुढे जाते त्या सुमारास दुसऱ्याचे मागे येते. पण दोघांचे रविवार एक नाहीत. मधले तीन-चार आठवडे असे असतात की, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उन्हाळी वेळ लागू असते.

आकड्यांत सांगायचे तर न्यू जर्सी हिवाळ्यात पुण्याच्या साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळी वेळेत साडेनऊ तास. मेलबर्न एरवी पुण्याच्या साडेचार तास पुढे असते आणि तेथील उन्हाळी वेळेत साडेपाच तास. म्हणून न्यू जर्सी आणि मेलबर्न या दोघांतील फरक वर्षभरात कधी १६, कधी १५, तर कधी १४ तास असतो.

आता पुण्याची सकाळी सातची वेळ कायम धरून २०२६ सालच्या रविवारांचा तक्ता मांडू. एडिसनची वेळ आदल्या दिवसाची, म्हणजे शनिवारची आहे, हे ध्यानात ठेवावे.

| पुण्याचे रविवार, सकाळी ७.०० | एडिसन, शनिवार रात्री | मेलबर्न, रविवार |
|---|---|---|
| ४ जानेवारी ते ८ मार्च | ८.३० | दुपारी १२.३० |
| १५ मार्च ते २९ मार्च | ९.३० | दुपारी १२.३० |
| ५ एप्रिल ते २७ सप्टेंबर | ९.३० | सकाळी ११.३० |
| ४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर | ९.३० | दुपारी १२.३० |
| ८ नोव्हेंबर ते २७ डिसेंबर | ८.३० | दुपारी १२.३० |

या तक्त्यात एक बारीक गोष्ट आहे, जिच्यामुळे हिशेब करणारे हमखास फसतात. अमेरिकेतील घड्याळ ८ मार्चला बदलले, तरी ८ मार्चच्या ओळीत एडिसनची वेळ जुनीच आहे. याचे कारण असे की, घड्याळ तेथे रविवारी पहाटे दोन वाजता बदलते आणि आपला फोन होतो तेव्हा एडिसनमध्ये अजून शनिवारची रात्र असते. बदलाचा परिणाम पुण्याला कळतो तो आठवड्याने, १५ मार्चला. नोव्हेंबरातही तसेच: घड्याळ १ तारखेला बदलते, फोनची वेळ ८ तारखेपासून. मेलबर्नचे उलट आहे. तेथे रविवारी पहाटे घड्याळ बदलते आणि फोन त्यानंतर दुपारी होतो, म्हणून बदल त्याच दिवशी जाणवतो.

सुरुवातीच्या कुटुंबाचे कोडेही येथे उलगडते. जूनमध्ये केलेली ‘९.३०’ आणि ‘११.३०’ ही जोडी फक्त तिसऱ्या ओळीत बरोबर आहे. मुलगा ४ ऑक्टोबरला ११.३० वाजता फोन करील तेव्हा पुण्यात सहाच वाजलेले असतील. मुलगी ८ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री ९.३० वाजता फोन करील तेव्हा पुण्यात आठ होऊन गेलेले असतील. दोन्ही घड्याळे विरुद्ध दिशांना सरकल्यामुळे भावंडांमध्ये दोन तासांचे अंतर पडते.

तक्ता मांडायचा कसा?

वरील तक्ता ठरलेल्या एका वेळेचा आहे. पण ती वेळ मुळात ठरवायची कशी, यासाठी दुसऱ्या प्रकारचा तक्ता लागतो. इंटरनेटवर ‘मीटिंग प्लॅनर’ या नावाने तो तयार मिळतो. शहरांची नावे आणि तारीख दिली की पुढे चोवीस तासांच्या चोवीस ओळी येतात आणि प्रत्येक शहराचा एक रकाना. एकाच आडव्या ओळीत जे आकडे दिसतात, तो जगातला एकच क्षण असतो. पण हा तक्ता वहीच्या पानावरही दहा मिनिटांत होतो आणि एकदा हाताने केला की संगणकाच्या तक्त्यातील खाचाखोचाही कळतात.

पहिल्यांदा तारीख ठरवावी, शहरे नंतर. मग डाव्या रकान्यात पुण्याची वेळ लिहावी आणि त्या तारखेला लागू असलेले फरक शेजारच्या रकान्यांत मिळवत किंवा वजा करत जावे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारापर्यंत एडिसनसाठी साडेदहा वजा, मेलबर्नसाठी साडेपाच अधिक. त्यातील काही ओळी अशा येतात:

| पुणे, रविवार | एडिसन | मेलबर्न |
|---|---|---|
| सकाळी ६.३० | शनिवार रात्री ८.०० | रविवार दुपारी १२.०० |
| सकाळी ८.३० | शनिवार रात्री १०.०० | रविवार दुपारी २.०० |
| दुपारी १२.३० | रविवार पहाटे २.०० | रविवार सायंकाळी ६.०० |
| सायंकाळी ५.३० | रविवार सकाळी ७.०० | रविवार रात्री ११.०० |
| रात्री ८.३० | रविवार सकाळी १०.०० | सोमवार पहाटे २.०० |

वेळेसोबत वार लिहिणे अत्यावश्यक आहे. ‘रविवारी सकाळी बोलू’ असे पुण्याहून सांगितले की एडिसनची मुलगी रविवारी सकाळी उठून वाट पाहत बसण्याची शक्यता असते, आणि तेव्हा पुण्यातली रविवारची संध्याकाळ झालेली असते. ज्या तक्त्यात वार नाही, तो तक्ता अर्धाच आहे असे समजावे.

यानंतरचे काम खोडण्याचे. प्रत्येकाने कोणत्या तासांत आपल्याला बोलणे शक्य नाही ते सांगायचे आणि ते तास खोडून टाकायचे. सकाळी सातच्या आधी आणि रात्री दहानंतर कोणालाही उठवायचे नाही, एवढा एकच नियम लावून पाहू. फक्त पहाटे उठणाऱ्या आई-वडिलांसाठी सकाळी साडेसहाची सूट देऊ. दुपारी साडेबाराची ओळ मुलीमुळे बाद होते. सायंकाळी साडेपाचची आणि रात्री साडेआठची ओळ मुलामुळे बाद होते. उरतो तो पुण्यातील सकाळी साडेसहा ते साडेआठ हा दोन तासांचा पट्टा. हिवाळ्यात तिन्ही घरांना एकत्र बोलण्यासाठी चोवीस तासांत एवढाच अवकाश आहे. त्यातही एडिसनमधील नात साडेआठला झोपत असेल, तर आजीच्या वाट्याला अर्धाच तास येतो: पुण्याचे साडेसहा ते सात. या घरी हिवाळ्यात सातऐवजी साडेसहाची वेळ धरणे शहाणपणाचे, हे तक्ता न बोलता सांगतो.

एप्रिल ते सप्टेंबर या काळात चित्र बदलते. सकाळचा पट्टा आक्रसून साडेसहा ते साडेसात असा एका तासाचा होतो. कारण पुण्यात साडेसात वाजतात तेव्हा एडिसनमध्ये रात्रीचे दहा झालेले असतात. पण त्याच वेळी संध्याकाळी एक नवी खिडकी उघडते. पुण्यात दुपारी साडेचार वाजता एडिसनमध्ये सकाळचे सात आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे नऊ होतात. पुण्याच्या साडेपाचला एडिसनमध्ये आठ आणि मेलबर्नमध्ये दहा. हा तास तिघांनाही सोयीचा आहे. नात झोपेतून नुकतीच उठलेली असते आणि आजी-आजोबांचा दुपारचा चहा झालेला असतो. हिवाळ्यात ही खिडकी बंद होते. कारण मेलबर्न एक तास पुढे सरकते आणि एडिसन एक तास मागे.

संगणकावरील तयार तक्त्याबाबत एक सावधगिरी बाळगावी. हे तक्ते मुळात कार्यालयीन बैठकांसाठी तयार झाले. त्यामुळे त्यांत कामाचे तास सर्वसाधारणपणे हिरव्या रंगात, सकाळ-संध्याकाळचे तास पिवळ्या रंगात आणि झोपेचे तास लाल रंगात दाखवतात. हिरवे दिसले की आपल्याला ती सोयीची वेळ वाटते. पण नातलगांच्या गप्पांसाठी नेमके उलट आहे. सोमवार ते शुक्रवार ज्या तासांना तक्ता हिरवा रंग देतो, त्याच तासांत मुलगा कार्यालयात असतो. घरच्या माणसांसाठी पिवळे तास कामाचे. पुण्याच्या सोमवारी सकाळी सात वाजता एडिसनमध्ये रविवारची रात्र असल्याने मुलगी मोकळी असेल. परंतु मेलबर्नमध्ये सोमवारची दुपार सुरू होत असते आणि मुलगा कामात असतो. म्हणून या घराला रविवारच तेवढा उरतो. तक्ता तास दाखवतो, सवड दाखवत नाही. सवडीचे रंग आपले आपणच भरायचे असतात.

गणपतीची आरती जमते, लक्ष्मीपूजन जमत नाही

सणावाराला हा हिशेब अधिक जिव्हाळ्याचा होतो. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. पुण्यातील घरात सायंकाळी पाच वाजता आरती केली, तर एडिसनमध्ये सोमवारचे सकाळचे साडेसात आणि मेलबर्नमध्ये सोमवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मुलीला कामावर निघण्यापूर्वी आणि मुलाला जेवणानंतर आरतीला उभे राहता येते. गणेशोत्सव ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये येत असल्याने, संध्याकाळची ती खिडकी दरवर्षी उघडी सापडते.

दिवाळीचे तसे नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. पुण्यात सायंकाळी सहा वाजता पूजा मांडली, तर एडिसनमध्ये त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात होतील, मेलबर्नमध्ये मात्र रात्रीचे साडेअकरा. मुलगा जागा राहील, पण त्याची मुले झोपलेली असतील. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही आली, तरी मेलबर्नमध्ये तोवर उन्हाळी वेळ सुरू झालेली असते; त्यामुळे ही अडचण दरवर्षीचीच आहे. तिच्यावर उपाय एकच: तिघांची भेट त्या दिवशी सकाळी ठेवावी आणि संध्याकाळची पूजा मुलीला दाखवावी. सकाळी सात वाजता पुण्यात फराळाचे ताट पुढे असते, एडिसनमध्ये शनिवारच्या रात्रीचे साडेआठ आणि मेलबर्नमध्ये रविवारचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात.

आणि योगायोग असा की, ८ नोव्हेंबर हाच तो रविवार, ज्या दिवशी अमेरिकेतील घड्याळाचा बदल पुण्याला पहिल्यांदा जाणवतो. ज्या घराने जूनचा हिशेब तसाच ठेवला असेल, त्या घराची चुकामूक नेमकी दिवाळीच्या सकाळी होईल.

घड्याळ कोणाचे धरायचे?

तिन्ही घड्याळांपैकी दोन हलतात. त्यामुळे ‘दर रविवारी अमुक वाजता’ हा ठराव कोणाच्या घड्याळाने केला आहे, हे स्पष्ट नसेल तर तो ठरावच नव्हे. घड्याळ पुण्याचे धरले, तर पुण्यात सात कायम राहतात आणि मुलांकडील वेळ वर्षातून दोनदा तासाने बदलते. मुलीचे घड्याळ धरले, तर पुण्याची वेळ बदलेल आणि तिच्यासोबत मुलाचीही: त्याची वेळ चार वेळा हलेल, दोनदा बहिणीच्या घड्याळामुळे आणि दोनदा स्वतःच्या. म्हणून जे घड्याळ हलत नाही तेच खुंटी म्हणून वापरावे. परदेशात राहणाऱ्यांना घड्याळ बदलल्याची सूचना बातम्यांतून, शाळेतून, कार्यालयातून मिळतच असते. पुण्यातल्या आई-वडिलांना ती कोणी देत नाही.

भ्रमणध्वनीवरील कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करतानाही हेच पाळावे. अशी नोंद ज्या विभागाच्या वेळेने केली जाते, त्या वेळेला ती खिळलेली असते. मुलीने आपल्या फोनवर ‘दर शनिवारी रात्री ९.३०’ अशी नोंद करून सर्वांना पाठवली, तर नोव्हेंबरात पुण्यातील फोनवर ती आपोआप आठ वाजता दिसू लागेल. यंत्राचे काहीच चुकलेले नसते. त्याने मुलीचे घड्याळ धरलेले असते. नोंद करताना वेळेचा विभाग विचारला जातो, तेथे भारताचा विभाग निवडावा. संगणकाच्या यादीत तो Asia/Kolkata या नावाने असतो. जुन्या यंत्रांवर Asia/Calcutta असेही दिसते. पुण्याचे किंवा मुंबईचे नाव तेथे शोधू नये. एडिसनसाठी America/New_York आणि मेलबर्नसाठी Australia/Melbourne ही नावे आहेत. देशाचे नाव पुरेसे नाही, कारण ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन आणि पर्थ येथे उन्हाळी वेळ पाळली जात नाही आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा बहुतेक भागही ती पाळत नाही. उद्या मुलाने मेलबर्न सोडून ब्रिस्बेनला घर केले, तर तक्ता नव्याने मांडावा लागेल.

इंग्रजी आद्याक्षरांवरही विसंबू नये. IST ही अक्षरे भारतीय प्रमाणवेळेसाठी वापरतात, तशीच ती आयर्लंड आणि इस्रायल या देशांच्या वेळेसाठीही वापरली जातात. न्यू जर्सीचे लोक सवयीने बारा महिने EST म्हणतात. काटेकोरपणे ती फक्त हिवाळ्यातील वेळ आहे, उन्हाळ्यात EDT असते. कोणी जुलैमध्ये EST लिहिले आणि पुण्यात कोणी ते शब्दशः घेऊन साडेदहा तास मिळवले, तर एका तासाची चूक झालीच. ‘एडिसनच्या घड्याळाप्रमाणे, १८ जुलै, शनिवार, रात्री ९.३०’ असे लिहिणे लांबलचक असले तरी निर्धोक आहे.

चूक ओळखण्याच्या खुणा

तयार झालेला तक्ता बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी तीन साध्या कसोट्या आहेत. पहिली मिनिटांची. पुण्याच्या रकान्यात पूर्ण तास असेल, तर इतर दोन्ही रकान्यांत साडेचाच आकडा हवा. पुण्यात साडे असेल, तर तिकडे पूर्ण तास हवेत. पुण्याचे सात आणि एडिसनचे नऊ अशी ओळ दिसली की ती वर्षातील कोणत्याही दिवशी चूकच असते. दुसरी कसोटी भावंडांमधील अंतराची. एडिसन आणि मेलबर्न यांच्यातील फरक १४, १५ किंवा १६ तासच असू शकतो. तेरा किंवा सतरा आले, तर कोणाचे तरी घड्याळ उलट्या दिशेने हलवले गेले आहे. तिसरी कसोटी वाराची. पुण्यात रविवार सकाळ असताना एडिसनच्या रकान्यात शनिवारच दिसला पाहिजे.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी रीत आहे. पुण्याच्या वेळेत सकाळचे रात्र आणि रात्रीचे सकाळ करावे आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळी वेळेत अडीच तास मिळवावेत. पुण्याचे सकाळचे सात, म्हणजे आदल्या संध्याकाळचे सात. त्यात दीड मिळवले की साडेआठ, अडीच मिळवले की साडेनऊ. एडिसनची वेळ मिळाली. लंडनमध्ये नातलग असणाऱ्यांसाठी याहून गमतीची युक्ती आहे: काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरावे. पुण्यात पावणेतीन वाजले असतील, तर उलट्या घड्याळात सव्वानऊ दिसतात आणि हिवाळ्यात लंडनची तीच वेळ असते. पण ही युक्ती साडेपाच तासांच्या फरकावर चालते. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत उन्हाळी वेळ असते, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो आणि उलटे घड्याळ एक तास मागची वेळ दाखवते. तोंडी रीत असो वा युक्ती, तारीख विचारात घेतल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. उन्हाळी वेळेच्या तारखा त्या-त्या देशाची सरकारे ठरवतात आणि ती त्या बदलूही शकतात. अमेरिकेने २००७ मध्ये बदलल्या, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि इतर काही राज्यांनी २००८ मध्ये बदलल्या. संगणक आणि फोन हे नियम एका सामाईक माहितीसाठ्यातून घेतात. तो नियमित अद्ययावत होत असला, तरी वर्षानुवर्षे सुधारित आवृत्ती न घेतलेला जुना फोन जुनेच नियम पाळत राहतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला त्या वर्षाच्या तारखा एकदा तपासून मगच तक्ता लिहावा.

एवढे केले की हाती येतो तो पाच ओळींचा एक कागद. तो शीतकपाटाच्या दारावर लावावा आणि त्याचे छायाचित्र दोन्ही मुलांना पाठवावे. त्यात फक्त चार रविवार लाल पेनाने अधोरेखित करावेत: २०२६ साठी १५ मार्च, ५ एप्रिल, ४ ऑक्टोबर आणि ८ नोव्हेंबर. त्यांच्या आदल्या आठवड्यात फोन ठेवताना आईने एकच वाक्य म्हणावे, ‘पुढच्या रविवारी आपले सातच, तुमचे किती ते बघून ठेवा.’ मग दिवाळीच्या सकाळी फराळाचे ताट पुढे असताना कोणाला ताटकळत बसावे लागणार नाही.